शीव जागेवरच आहे, फाईल सरकली आहे

आमच्या ग्रामपंचायतीने जिल्हा कार्यालयाला पत्र पाठवलं. विषय: 'मौजे अमुकची संगणकीय नकाशावरील हद्द दुरुस्त करून मिळणेबाबत.' चार महिन्यांनी उत्तर आलं की नकाशा अद्ययावत प्रणालीतला आहे, त्याबद्दल शंका असल्यास रीतसर मोजणी शुल्क भरून अर्ज करावा. म्हणजे चूक त्यांच्या पडद्यावर आणि मोजणी आमच्या रानात. माझं भांडण या उत्तराशी आहे, पण थोडं आमच्या पत्राशीही आहे.

प्रकरण विहिरीचं. गावाच्या वायव्येला, डोंगराच्या पायथ्याशी पाणीयोजनेची विहीर आहे. तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव टाकताना जागेवर उभं राहून मोबाईलने फोटो काढावा लागतो, फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात. प्रणालीने उत्तर दिलं: स्थळ गावाच्या हद्दीबाहेर. ज्या विहिरीचं पाणी तीन पिढ्या पितायत ती शेजारच्या गावाची निघाली. शेजारचे सरपंच हसले आणि म्हणाले, "आम्हाला दिलीच आहे तर पाणीपण सोडा." पण त्यांच्याही गावाचा पलीकडचा एक तुकडा तिसऱ्याच गावात गेला होता, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा सरपंच काकूंनी पत्र आणि उत्तर दोन्ही पुढ्यात टाकलं. "तू काँप्युटरवाला ना? बघ यात काय ते." हद्दीची फाईल कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येते. ती क्यूजीआयएसमध्ये उघडली, खाली उपग्रहचित्र ठेवलं आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना घेऊन शिवेवर गेलो. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, ओढ्याकाठचा दगड आणि पूर्वेला रस्त्यालगतचा दगड, अशा तीन जागी मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपले. तिन्ही ठिकाणी पडद्यावरची रेघ दगडापासून सव्वाशे ते दीडशे मीटर लांब होती. महत्त्वाचं हे की तिन्ही ठिकाणी ती एकाच दिशेला, आग्नेयेला, लांब होती.

हे का महत्त्वाचं, ते जरा सविस्तर सांगतो. दोन गावांत शिवेचा वाद असेल किंवा नकाशा गिरवणाऱ्याचा हात चुकला असेल, तर रेघ एका बाजूला चुकते, बाकीच्या बाजू ठीक असतात. जुना कागद ताणला किंवा आकसला असेल तर प्रत्येक दगडापाशी चूक वेगळी येते. पण गावच्या गाव तेवढंच, त्याच दिशेला सरकलेलं दिसलं, तर चूक गावाच्या नकाशात नसते, मोजपट्टीच्या शून्यात असते.

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रकं 'एव्हरेस्ट १८३०' नावाच्या लंबगोलावर बेतलेली आहेत. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानाच्या मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार, मूळबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. मोबाईलमधलं जीपीएस मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' या दुसऱ्या लंबगोलावर चालतं. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात, आणि सह्याद्रीच्या आमच्या भागात हा फरक साधारण सव्वाशे-दीडशे मीटरचा पडतो. गावनकाशावर अक्षांश-रेखांश मुळात नसतातच, म्हणून तो संगणकात बसवताना कुणीतरी जुन्या पत्रकावरचे बिंदू घेतले असणार, आणि फाईलवर चिठ्ठी मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' अशी लावली. हा माझा तर्क. तो तपासायला एक ओळ पुरते:

```
ogr2ogr -s_srs EPSG:4146 -t_srs EPSG:4326 shiv_navi.shp shiv.shp
```

अर्थ असा की ही फाईल जुन्या पद्धतीतली समज आणि नव्या पद्धतीत आणून दे. नवी फाईल उघडली. तिन्ही दगड रेघेच्या काही मीटर आत आले, विहीर गावात आली. मोबाईलची स्वतःची चूक काही मीटरांची असतेच. तो मोजणीचं यंत्र नाही आणि माझा तसा दावाही नाही. पण आमची जमीन ज्या साखळीने मोजली गेली ती ३३ फुटांची होती, एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्या हिशेबाने पडद्यावरची चूक तेरा साखळ्यांच्या आसपास जाते. साखळी ओढणाऱ्या त्या माणसांना कुणी एवढी चूक माफ केली नसती.

आता आमच्या पत्राबद्दल. त्यात मागणी होती 'आमच्या गावाची हद्द दुरुस्त करा.' ही मागणी चुकीची होती. एकटं आमचं गाव वायव्येला सरकवलं तर ते शेजारच्या गावावर चढेल, आणि आग्नेयेला कुणाचीच नसलेली पट्टी उरेल. म्हणजे कार्यालयाने आमचं ऐकलं असतं तर आज नसलेला सीमावाद तयार झाला असता. दुरुस्ती हवी आहे ती त्या अख्ख्या फाईलची. शेजारची सहा गावं मी तपासली, सहाही तशीच सरकलेली. बोंब आमचीच झाली, कारण आमच्याच कडेला विहीर आहे. इतरांच्या कडेला माळ आहे, आणि माळ तक्रार करत नाही.

पण हे ग्रामपंचायतीने ओळखायचं होतं का? कार्यालयाची बाजू मला कळते. एका गावाच्या सांगण्यावरून रेघा हलवायला लागलो तर उद्या प्रत्येक जण आपली शीव ओढत बसेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच तीन दगड तपासायचे असतात, आणि ते तपासायला कार्यालयातल्या एका माणसाचा एक दिवस लागतो. त्याऐवजी सुचवलेली मोजणी तर निव्वळ निरुपयोगी आहे. मोजणीने गटाच्या खुणा जमिनीवर कायम होतात. मोजणीदार येईल, दगड जागेवर आहेत असं लिहून देईल, आणि पडद्यावरची रेघ तिथेच राहील. दगड जागेवर नाहीत असं आम्ही म्हटलंच कधी?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावाच्या हद्दी कशा ठरवायच्या ते कलम १३३ मध्ये आहे. लगतच्या गावांच्या पाटलांनी एखादी रेषा आपखुशीने मान्य केली तर अधिकाऱ्याने त्यांच्याकडून तसा करार लिहून घ्यावा आणि त्याप्रमाणे खुणा कराव्यात, असं ते सांगतं. म्हणजे कायद्याच्या लेखी हद्द ही गावांना विचारून ठरवायची गोष्ट आहे. त्याच संहितेत हद्दीच्या खुणेची नासधूस करणाऱ्याला दंड आहे. शिवेवरचा दगड मी दहा पावलं सरकवला तर मी गुन्हेगार. सहा-सात गावांच्या शिवा तेरा-तेरा साखळ्या सरकवणाऱ्या फाईलवर मात्र ती कुणी, कोणत्या पत्रकावरून, कधी तयार केली याची एक ओळ नाही. वर 'हा नकाशा केवळ संदर्भासाठी' अशी तळटीप. संदर्भासाठी असेल तर त्याच्या जोरावर विहीर नाकारता कशी?

दुसरं पत्र आम्ही गेल्या आठवड्यात दिलं. या वेळी सात गावांचे ठराव जोडले आहेत. तिन्ही दगडांचे अक्षांश-रेखांश, फोटो आणि ती एक ओळ परिशिष्टात आहे. मागण्या तीनच: फाईल कोणत्या मूळ पत्रकावरून बनली ते लेखी कळवा, कार्यालयाचा माणूस पाठवून आमच्यासमोर तीन दगड तपासा, आणि दुरुस्ती होईपर्यंत विहिरीचा प्रस्ताव पडद्यावरच्या रेघेवर अडवू नका. भाऊसाहेबांनी मसुदा वाचून एकच बदल केला. 'फाईल चुकीची आहे' हे खोडून 'फाईलमध्ये तफावत आढळून येते' असं लिहिलं. "चुकीची म्हटलं की ते वाचत नाहीत," म्हणाले. आवक शिक्का मारलेली प्रत काकूंनी विहिरीच्या वहीत ठेवली आहे.