उद्या किती लाद्या मागवाव्यात?

पाव, अंडी, दूध विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला रोज रात्री एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. उद्या बेकरीतून पावाच्या किती लाद्या मागवायच्या? जास्त आल्या तर संध्याकाळी पाव कडक होतो आणि टोस्ट करण्यापलीकडे त्याला किंमत राहत नाही. कमी पडल्या तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, आणि पावाबरोबर अंडीही तिथेच घेते. बहुतेकजण आजची विक्री पाहून उद्याची मागणी ठरवतात. वहीतल्या जुन्या आकड्यांवरून याहून बरा अंदाज कसा बांधता येतो, आणि तो खरोखर बरा आहे की नाही हे कसे तपासायचे, ते या वेळी पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे आम्ही नमुन्याचे घेतले आहेत.

पावाची विक्री वारावर चालते. रविवारी नाश्त्याला पाव जास्त जातो, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर दुकानावर गर्दी असते, मंगळवार-बुधवार थंड जातात. म्हणून शुक्रवारचा अंदाज गुरुवारवरून न बांधता मागच्या शुक्रवारांवरून बांधावा. मागच्या चार शुक्रवारी ५२, ४८, ५५ आणि ४९ लाद्या गेल्या असतील, तर बेरीज २०४ आणि सरासरी ५१. हाच येत्या शुक्रवारचा अंदाज. चारच आठवडे का? एकच आठवडा घेतला तर एखाद्या घरच्या दावतीने आकडा फुगतो. सहा महिने घेतले तर समोर नवे दुकान उघडल्याचा फरक अंदाजात उशिरा उतरतो.

मोबाइलच्या शीटवर दुसऱ्या ओळीपासून एकही दिवस न गाळता रोजची विक्री B या रकान्यात लिहिली, तर तिसाव्या ओळीतल्या दिवसाचा अंदाज असा निघतो:

```
=AVERAGE(B2,B9,B16,B23)
```

आता खरी परीक्षा. अंदाज आदल्या रात्री लिहून ठेवायचा आणि मग तो खोडायचा नाही. ज्या आकड्यांवरून अंदाज बांधला त्यांच्यावरच तो तपासला, तर तो नेहमीच चांगला दिसतो. पहिले काही आठवडे अंदाज कागदावरच ठेवावा आणि माल थोडा जादा मागवावा, म्हणजे खरी मागणी किती होती ते कळेल. अशा एका आठवड्याचा हिशेब पाहा:

| वार | अंदाज | विक्री | फरक |
|---|---|---|---|
| सोम | ३८ | ३५ | −३ |
| मंगळ | ३६ | ३७ | +१ |
| बुध | ३७ | ३३ | −४ |
| गुरू | ४० | ४२ | +२ |
| शुक्र | ५१ | ५७ | +६ |
| शनि | ४५ | ४४ | −१ |
| रवि | ६० | ५६ | −४ |

आठवड्याचा एकूण अंदाज ३०७ आणि विक्री ३०४. फक्त तीन लाद्यांचा फरक पाहून कोणीही खूश होईल. पण बुधवारी उरलेला पाव शुक्रवारी विकता येत नाही. म्हणून अधिक-उणे चिन्ह सोडून फरकांची बेरीज करायची: ३+१+४+२+६+१+४ म्हणजे २१. सात दिवसांनी भागले की रोजची सरासरी चूक ३ लाद्या. हा प्रामाणिक आकडा. चिन्हासकट केलेली बेरीजही कामाची आहे, पण तिचा उपयोग वेगळा. ती अनेक आठवडे एकाच बाजूला झुकत राहिली, तर आपला अंदाज सतत जास्त किंवा सतत कमी येतो आहे हे कळते.

तीन लाद्यांची चूक चांगली की वाईट, हे तुलनेशिवाय ठरत नाही. त्याच आठवड्यात ‘आज गेले तेवढे उद्या’ असा अंदाज धरला, तर रविवारच्या ६३ वरून सोमवारी ६३ धरावे लागले असते आणि विक्री झाली ३५. असा सातही दिवसांचा हिशेब केला, तर रोजची चूक जवळजवळ १२ लाद्या येते. मागच्या आठवड्याचा तोच वार धरला, तर पाचाहून थोडी जास्त. म्हणजे चार आठवड्यांच्या सरासरीने काम केले. एका आठवड्यावर मात्र निकाल देऊ नये. निदान सहा-आठ आठवडे हा हिशेब ठेवावा. तेवढ्या काळात ती ‘मागच्या आठवड्याचा तोच वार’ यापेक्षा बरी ठरली नाही, तर मेहनत करून उपयोग नाही.

एक फसवी जागा वहीतच असते. वर शुक्रवारची एक विक्री ४८ लिहिली आहे. त्या दिवशी मालच ४८ लाद्यांचा होता आणि तो सहा वाजता संपला असेल, तर ४८ ही विक्री आहे, मागणी नव्हे. तिला मागणी समजले तर अंदाज उतरतो, माल कमी येतो, तो आणखी लवकर संपतो आणि पुढचा अंदाज आणखी उतरतो. दुकानदाराला वाटते धंदा मंदावला. यावर उपाय म्हणजे माल संपला की वेळ लिहून ठेवायची आणि तो दिवस सरासरीतून वगळायचा. मग ५२, ५५ आणि ४९ यांची सरासरी ५२ येते.

दुसरी फसवी जागा रमजान. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. आपल्याकडे २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, तर २०२५ मध्ये २ मार्चला. त्यामुळे ५ मार्च २०२५ चा अंदाज ५ मार्च २०२४ वरून बांधला असता, तर रोज्याच्या दिवसाची तुलना साध्या दिवसाशी झाली असती. तारीख सोडून रोजे मोजावेत. मागच्या वर्षी रमजानच्या आधीच्या चार आठवड्यांत रोज सरासरी ४० लाद्या जात होत्या आणि पहिल्या आठवड्यात ५२ गेल्या, तर पट १.३. या वर्षीच्या शुक्रवारच्या ५२ ला १.३ ने गुणले की साधारण ६८. शेवटच्या दहा दिवसांचा पट वेगळा काढावा, कारण तेव्हा खरेदीची वेळ आणि वस्तू दोन्ही बदलतात. ईदनंतर चार आठवडे रमजानचे दिवस सरासरीत येऊ देऊ नयेत. त्याऐवजी रमजानआधीचे आठवडे घ्यावेत.

हा पट एकाच वर्षाचा असल्यामुळे त्यावर फार विसंबता येत नाही, आणि २९ व्या रोज्याच्या संध्याकाळी तर कोणतीच सरासरी कामाची नाही. चाँद दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. त्या रात्री दोन आकडे लिहून ठेवावेत, आणि चाँद कळेपर्यंत ऑर्डर पक्की करू नये, असे बेकरीवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.