मोबाइल हरवल्यानंतरचे पहिले चोवीस तास निर्णायक

नवी दिल्ली : हरवलेला मोबाइल देशभरातील सर्व नेटवर्कवर बंद करण्याची सोय दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलद्वारे उपलब्ध करून दिली. मात्र तिचा लाभ तत्काळ मिळत नाही. अर्जासाठी पोलीस तक्रारीची प्रत, १५ अंकी आयएमईआय क्रमांक आणि ओटीपी आवश्यक असतो. ओटीपीसाठी त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे लागते आणि त्यावर एसएमएस सुरू होण्यास २४ तास लागू शकतात.

समजा, सोमवारी सायंकाळी लोकलमध्ये अँड्रॉइड मोबाइल चोरीला गेला. मंगळवारी सायंकाळपर्यंत पोर्टलवर अर्ज करणे शक्य होईलच असे नाही. या काळात क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम दुसऱ्या उपकरणावरून android.com/find येथे मोबाइल लॉक करावा. ही आज्ञा इंटरनेटद्वारे पोहोचते. सिम आधी बंद केल्यास मोबाइल डेटाही थांबतो. मात्र मोबाइल बंद दिसल्यास वाट पाहू नये. चोराने सिम दुसऱ्या मोबाइलमध्ये घातल्यास बँकेचे ओटीपी त्याच्या हाती जातात. त्यामुळे लगेच सिम बंद करून बँकेला यूपीआय थांबवण्यास सांगावे आणि ईमेलचा पासवर्ड बदलावा.

आयएमईआय रोखल्यानंतरही वाय-फाय चालू राहते, म्हणून खात्यांचे संरक्षण स्वतंत्रपणे करावे लागते. रोखलेल्या मोबाइलमध्ये कोणी सिम घातल्यास त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. मोबाइल परत मिळाल्यावर अर्जाच्या क्रमांकाद्वारे पोर्टलवरच बंदी उठवावी लागते.