ओळखीच्या साहेबांपुढची मुलाखत



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली आपली बरीच मंडळी सरकारी बँकांत शिपाई, लिपिक, कॅशियर आहेत. लिपिकाचा अधिकारी व्हायचा म्हणजे लेखी परीक्षा आणि नंतर बहुधा प्रादेशिक कार्यालयातली मुलाखत. लेखी परीक्षेचा अभ्यास मुले करतात, पुस्तके आणतात. मुलाखतीला मात्र "साहेब तर ओळखीचेच आहेत" असे म्हणून रिकाम्या हाताने जातात आणि तिथेच मागे पडतात. म्हणून आज फक्त या मुलाखतीबद्दल लिहीत आहोत.

बाहेरच्या नोकरीत मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही कोण हे ठाऊक नसते. तुम्ही सांगाल तेवढेच त्याला कळते. खात्यातल्या मुलाखतीत उलटे असते. समोर बसलेल्यांपैकी एखादे साहेब तुमच्या शाखेत तपासणीला येऊन गेलेले असतात. तुमच्या व्यवस्थापकाशी त्यांचे फोनवर बोलणे होत असते. टेबलावर तुमची मागील काही वर्षांची कामगिरीची अहवालपत्रे असतात. तुमचे गुण त्यांना माहीत असतात आणि उणीवही माहीत असते. तेव्हा ते माहितीसाठी प्रश्न विचारत नाहीत. आपली उणीव या माणसाला स्वतःला दिसते काय, आणि दिसल्यावर त्याने काय केले, एवढेच त्यांना पाहायचे असते.

यासाठी पहिले काम म्हणजे साहेबांच्या टेबलावर जे कागद आहेत तेच आपण आधी वाचणे. ज्याला आपण बोलण्यात "सी.आर." म्हणतो तो गोपनीय अहवाल आता कर्मचाऱ्यापासून लपवून ठेवता येत नाही. हे एका माणसाच्या भांडणातून मिळाले आहे. देवदत्त नावाचे सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता होते. वरच्या पदासाठी पाच वर्षे सलग "अत्युत्तम" शेरा लागत होता. त्यांना 1993-94 या एकाच वर्षी "चांगला" असा शेरा मिळाला आणि बढती गेली. "चांगला" हा शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला की शेरा वाईट असो की चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध अर्ज करता येईल. निकाल लागला तेव्हा देवदत्त सेवानिवृत्त झालेले होते.

यातून आपण घ्यायचे ते हे की अहवाल दरवर्षी वाचावा, शेरा पटला नाही तर परिपत्रकात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मुलाखतीच्या दिवशी "तो शेरा चुकीचा होता" असे सांगून काही उपयोग होत नाही. साहेब लगेच विचारतात, "मग त्या वेळी अर्ज का नाही केला?"

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, मूर्तिजापूरच्या एका शाखेत आपली एक भगिनी आठ वर्षांपासून काउंटरवर आहे. तिने आपल्या अहवालांच्या प्रती घेतल्या, रजेचा हिशेब पाहिला, आणि वहीच्या एका पानावर आपल्या तीन उणिवा लिहून काढल्या. एक, मागच्या वर्षी कॅशमध्ये दोन वेळा तूट आली, एकदा 500 रुपये आणि एकदा 2,000 रुपये. दोन, ती कर्जाच्या टेबलावर कधी बसली नाही. तीन, तीन वर्षांपूर्वी तिने बढतीच्या परीक्षेला बसायचे नाकारले होते. या तीनही गोष्टी साहेबांना माहीत आहेत. प्रश्न यांवरच येणार.

पहिली उणीव घेऊ. "मॅडम, तुमच्या कॅशमध्ये तूट फार येते." यावर तोंडातून पटकन निघणारी उत्तरे तीन असतात. "गर्दी खूप असते, सर." "व्यवस्थापक दुसरा माणूस देत नाहीत." "चूक झाली, सर, पुन्हा होणार नाही." पहिल्या उत्तराने उणीव झाकली जाते. दुसऱ्याने व्यवस्थापकावर ढकलली जाते, आणि तो व्यवस्थापक साहेबांच्या रोजच्या बोलण्यातला माणूस असतो. तिसरे उत्तर नम्र आहे, पण त्यात काहीच नाही. पुन्हा कशी होणार नाही, हे त्यात कुठे आहे?

चांगल्या उत्तरात चार गोष्टी लागोपाठ येतात: काय झाले, का झाले, काय बदलले, आणि त्यानंतर काय दिसले. आपल्या भगिनीने आपली स्लिपबुके आणि दोन्ही तारखा काढून पाहिल्या. दोन्ही वेळा तूट निराधार योजनेचे पैसे वाटायच्या दिवशीची होती, आणि दोन्ही वेळा तिने नोटा मोजून दिल्या पण स्लिपच्या पाठीवर कोणत्या किती नोटा ते लिहिले नव्हते. म्हणून तिचे उत्तर असे तयार झाले:

"होय सर, मागच्या वर्षी दोन वेळा तूट आली, 500 आणि 2,000. दोन्ही मी त्याच दिवशी भरली. दोन्ही दिवस निराधारांच्या वाटपाचे होते आणि घाईत मी स्लिपच्या मागे नोटांचा तपशील लिहिला नव्हता. तेव्हापासून तपशील लिहिल्याशिवाय मी पैसे देत नाही, आणि दुपारी एक वाजता एकदा कॅश जुळवून घेते. त्याला अकरा महिने झाले, तूट आलेली नाही."

हे बोलायला अर्धा मिनिट लागतो. त्यात रडणे नाही, दुसऱ्याचे नाव नाही, आणि प्रत्येक आकडा साहेब शाखेला फोन करून तपासू शकतात. ओळखीच्या माणसापुढे हेच चालते, कारण फुगवलेला एक आकडा पकडला गेला तर बाकीचे खरे आकडेही खोटे वाटू लागतात. म्हणून अकरा महिने झाले असतील तर "वर्षभर" म्हणू नये. शाखेने मिळून जे काम केले ते "मी केले" म्हणू नये. "शाखेने शंभर खाती उघडली, त्यातली तीस माझ्या काउंटरवरून" असे सांगावे.

दुसरी उणीव, कर्जाचे टेबल. इथे अनुभव नाही हे खरेच आहे, तेव्हा तो आहे असे दाखवू नये. पण अनुभव नसला तरी समज असू शकते, आणि ती आपल्या भागातल्या कामातून दाखवावी. साहेब विचारतील, "सोयाबीनचे पीककर्ज थकले, तर ते केव्हा अनुत्पादक धरायचे?" ज्याने नुसते पाठ केले तो "90 दिवस" म्हणून मोकळा होतो. 90 दिवसांचा नियम घरकर्ज, वाहनकर्ज यांसारख्या हप्त्याच्या कर्जाला आहे. सोयाबीन, तूर यांसारख्या कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन पीकहंगाम थकले तर अनुत्पादक होते, आणि वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाचे एका हंगामाने. हा फरक का, तेही सांगता आले पाहिजे: शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याला येत नाही, पीक विकल्यावर येतो. वऱ्हाडातल्या मुलीला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही, घरी पाहिलेले असते. एवढे सांगून तिने म्हणावे, "मी गेल्या महिन्यापासून रोज काउंटर बंद झाल्यावर अर्धा तास कर्जाच्या कागदपत्रांची छाननी पाहते." पण हे आधी खरोखर सुरू केलेले असले पाहिजे. म्हणून मुलाखतीची तारीख लागायची वाट पाहू नये. निदान तीन महिने आधी व्यवस्थापकांना विचारून हे काम मागून घ्यावे.

तिसरी उणीव कागदावर साधी दिसते, पण निवड बहुतेक वेळा इथेच अडते. "तीन वर्षांपूर्वी तुम्ही नाही म्हणालात. आता बदली झाली तर जाणार काय?" अधिकारी झाल्यावर बदली बहुधा दूर होते. याचे उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधायचे नसते, घरात शोधायचे असते. नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी, हे सगळे आधी एकत्र बसून बोलावे. मुलगी दहावीला असेल तर एक वर्ष कोण तिच्यापाशी राहील, हे ठरवावे. मग उत्तर असे देता येते: "त्या वेळी मुलगा दोन वर्षांचा होता. आता सासूबाई घरी आहेत, आमचे घरात बोलणे झाले आहे, मी जाईन." आणि घरात तसे ठरले नसेल तर होकार देऊ नये. निवड होऊन मग नकार दिला, तर पुढच्या संधींवर बंधन येऊ शकते. ते काय असेल हे आपल्या बँकेच्या परिपत्रकात आधीच वाचून ठेवावे.

राहिला सराव. आरशासमोर किंवा लाडक्या मैत्रिणीसमोर केलेला सराव इथे पुरत नाही, कारण ते तुमची उणीव विचारत नाहीत. वस्तीत एखादे सेवानिवृत्त हेड कॅशियर काका किंवा दुसऱ्या शाखेतले अधिकारी दादा असतील, त्यांच्या हातात आपले ते वहीचे पान द्यावे आणि म्हणावे, "काका, फक्त यातलेच विचारा, आणि सोडू नका." एक खूण लक्षात ठेवा. तोच प्रश्न शब्द बदलून दुसऱ्यांदा आला, तर पहिले उत्तर पोचले नाही असे समजावे. मग जास्त बोलू नये, कमी आणि नेमके बोलावे. मुलाखत हिंदीत देण्याची सोय आहे काय, तेही आधी विचारून घ्यावे, आणि सराव त्याच भाषेत करावा.

अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांसाठी सरकारी बँका बढतीपूर्व प्रशिक्षण ठेवतात. त्याचे पत्र शाखेत येते आणि कधी फाइलमध्येच राहते. बढतीची सूचना निघाली की शाखेत आणि प्रादेशिक कार्यालयात स्वतः लेखी विचारणा करावी. उत्तर मिळाले नाही तर बँकेच्या संपर्क अधिकाऱ्यांना लिहावे. आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरक्षणाच्या बाबी पाहण्यासाठीच त्यांना नेमलेले असते.

आणि एवढे करूनही निवड झाली नाही, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने आपले लेखी आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागता येतात. ते हातात आले म्हणजे पुढच्या वेळी पुस्तक उघडायचे की वहीचे ते पान, हे नक्की कळते.