मातीचा गल्ला नको, हिशेबाची वही द्या

मागच्या वर्षी आमच्या वस्तीजवळच्या एका शाळेत 'बचतीचे संस्कार' नावाचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी मुलांना गल्ले वाटले. खाऊचे पैसे गल्ल्यात टाकणारं मूल पुढे मोठं होतं, असं सांगितलं. मग मागे बसलेल्या आयाबापांकडे वळून म्हणाले, "तुमच्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही. निदान मुलांना तरी सवय लावा." टाळ्या पडल्या. त्यात आमच्याही टाळ्या होत्या, आणि त्याची आम्हाला आजही लाज वाटते.

'तुमच्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही' म्हणे! तो हातात येऊ कोणी दिला नाही, हे आधी सांगा. शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, असा नियम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. पण ग्रंथ जळला तरी व्यवहार चालूच होता. महार वतनात गावाची आणि सरकारची कामं रात्रंदिवस करायची आणि बदल्यात सुगीला बलुतं मागत खळ्याखळ्यावर फिरायचं. किती धान्य मिळणार, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. कामाला तास नव्हते आणि मोबदल्याची नोंद राबणाऱ्याच्या हातात नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने जायला मात्र १९५८ साल उजाडलं. म्हणजे रोख पैसा हातात घेऊन त्याचा महिन्याचा हिशेब लावणारी आपल्यातल्या कित्येक घरांतली ही दुसरी-तिसरी पिढी आहे. तिला उधळी म्हणणाऱ्याने आधी आपल्या आजोबांची वही उघडावी.

पण हे बोलून आमची सुटका होत नाही. आमच्याच काही कार्यकर्त्यांना मुलांशी पैशावर बोलणं ही बनियागिरी वाटते. जयंतीच्या फलकावर आपण 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३, असं अभिमानाने लिहितो, आणि घरातल्या दहा वर्षांच्या पोरीला पासबुक वाचता येत नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : आपल्या मुलांना काटकसरीचे धडे नकोत, ती काटकसरीतच जन्मली आहेत. त्यांना हिशेब ठेवायला आणि हिशेब मागायला शिकवा. गल्ला मुलाला गप्प बसून साठवायला शिकवतो. वही त्याला 'माझे पैसे गेले कुठे?' असं विचारायला शिकवते.

सुरुवात सहा-सात वर्षांपासून करा. या वयात खाऊचे पैसे देण्यापेक्षा मुलाला दुकानात पाठवा. वीसची नोट, बारा रुपयांचं सामान, आठ रुपये परत. दुकानदाराने सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवलं, तर 'मला पैसेच द्या' म्हणायला शिकवा. पुड्यावर छापलेली किंमत वाचायला शिकवा. दुकानदाराने जास्त मागितले तर ती छापील किंमत बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. मोठ्या माणसासमोर, मान खाली न घालता, 'काका, दोन रुपये कमी आले' म्हणता येणं ही आपल्या मुलाची पहिली कमाई आहे. ज्यांच्या आजोबांना अंगणाबाहेर उभं राहून पदरात पडेल ते घ्यावं लागलं, त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आठ-नऊ वर्षांपासून ठरलेला हातखर्च. आता कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्या घरात कसला हातखर्च? पण पैसे जातातच. मूल रडलं की दहा रुपये, पाहुणा आला की दहा रुपये. शाळेच्या सहा दिवसांत साठ रुपये असेच सुटतात, आणि त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की रडलं की मिळतं. त्याऐवजी मजुरीच्या दिवशी एकदाच चाळीस रुपये द्या. ते मंगळवारी संपले तर पुढच्या मजुरीपर्यंत नाहीत. त्याला एक जुनी वही द्या. तीन रकाने पुरेत : आले, गेले, उरले. कशावर खर्च केला यावर प्रवचन देऊ नका. चाळीसचे चाळीस भेळीवर गेले तरी चालतील. वहीतलं 'उरले' आणि हातातले पैसे जुळतात का, एवढंच आठवड्यातून एकदा सोबत बसून बघा.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती बहुतेक घरांत घडते आणि कोणी बोलत नाही. आठवडाभर काम मिळत नाही, घरात कोणी आजारी पडतं, आणि आई मुलाचा गल्ला फोडते. त्यात लाज नाही, गरज आहे. पण मूल शाळेतून येतं आणि गल्ला रिकामा दिसतो. विचारलं तर ओरडा बसतो. त्या दिवशी मूल शिकतं, की साठवलेलं कोणीही बळकट माणूस उचलून नेतो आणि विचारायचं नसतं. शंभर पुस्तकं वाचून हा धडा पुसला जात नाही. म्हणून घ्यायचेच असतील तर मुलाला सांगून घ्या आणि त्याच्याच वहीत लिहा : 'आईने घेतले १२० रुपये, औषधासाठी.' खाली तुमची सही. मग वीस-वीस करून फेडा आणि प्रत्येक वेळी मुलाकडून लिहून घ्या. ज्या आठवड्यात हातखर्च देता येणार नाही, त्या आठवड्यात 'बाकी ४० रुपये' असं लिहा. आपल्या आईकडे हिशेब मागायची सवय झालेलं मूल उद्या ठेकेदाराकडेही मागेल.

याच वहीवर व्याज शिकवा. सावकार 'शेकडा पाच' म्हणतो तेव्हा तो वर्षाचं नाही, महिन्याचं बोलत असतो. दहा हजारांवर महिन्याला पाचशे, म्हणजे वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल दहा हजार तसंच उभं. बारा वर्षांच्या मुलाला हे गणित सुटतं. ते त्याच्याकडून घरातल्या खऱ्या कर्जावर करून घ्या.

दहा वर्षं पूर्ण झाली की स्वतःचं खातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बँक स्वतः व्यवहार करण्याचं खातं देऊ शकते. त्याच्या मर्यादा बँक ठरवते. त्याआधी पालकांसोबत खातं उघडता येतं, आणि पालक म्हणून आईचं नाव चालतं. 'वडिलांनाच घेऊन या' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. पोस्टात पाचशे रुपयांवर खातं उघडतं, पण तेवढी शिल्लक ठेवावी लागते. बँकेत 'बेसिक सेव्हिंग्ज' खातं मागा. त्यात किमान शिलकीची अट नसते आणि महिन्याला चार वेळा पैसे काढायला शुल्क पडत नाही. नुसतं 'बचत खातं' म्हटलं तर साधं खातं हातात पडू शकतं, मग शिल्लक कमी म्हणून पैसे कापले जातात. पासबुक आईच्या ट्रंकेत नको, मुलाच्या दप्तरात हवं. दर महिन्याला मुलानेच जाऊन त्यात नोंद करून आणावी.

एवढा आग्रह का? आपल्या मुलांचं पहिलं खातं हे वाढदिवसाचे पैसे ठेवायला नसतं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. ती नववीत होती. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीचे, घरून शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठीचे, वर्षाचे साडेतीन हजार यायचे होते. शाळा म्हणे अर्ज पाठवला, कार्यालय म्हणे पैसे सोडले, बँक म्हणे आलेच नाहीत. बाप दोन खाडे करून थकला आणि म्हणाला, जाऊ दे. मुलीने पासबुक पुढे केलं. तिच्याकडे महिन्यामहिन्याच्या नोंदी होत्या, म्हणून एवढं नक्की झालं, की या खात्यात पैसे खरंच आलेले नाहीत. मग आम्ही आधारच्या संकेतस्थळावर तिचं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे ते बघायला गेलो. ओटीपी वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरावर जात होता. आधार केंद्रात जाऊन आधी नंबर बदलला. मग दिसलं, की जोडलेली बँक भलतीच आहे! वर्षभरापूर्वी वस्तीत लागलेल्या शिबिरात कोणीतरी तिचा अंगठा घेऊन दुसरं खातं उघडलं होतं. सरकारी पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं तिथे जातो. साडेतीन हजार त्या खात्यात पडून होते. ते काढले, आणि आपल्या बँकेत अर्ज देऊन जोडणी परत आणली.

यातून तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. शिबिरात मुलाचा अंगठा देण्याआधी 'हे कसलं खातं?' असं विचारा. दर वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी आधारची जोडणी तपासा. आणि अठरा वर्षं पूर्ण होताच बँकेत जाऊन नवी कागदपत्रं आणि नवी सही द्या, नाहीतर खात्याचे व्यवहार अडतात आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती त्यात अडकते. ती आली की मुलाला विचारल्याशिवाय घरखर्चात ओढू नका. ओढावीच लागली तर वहीत लिहा.

'हिशेबाने गरिबी जाते का?' असं कोणी विचारेल. नाही जात. तीनशे रुपये रोजाचा कितीही हिशेब ठेवला तरी त्याचे सहाशे होत नाहीत. आणि नेमकं हेच गल्ला वाटणारे लपवतात. मजुरी कमी आहे हे बोलायचं नाही, उलट खाऊच्या दहा रुपयांवर बोट ठेवायचं. वही त्यांच्या सोयीची नाही, कारण कमी किती पडतं आणि कोणामुळे पडतं हे वहीत दिसतं. अडलेली शिष्यवृत्ती, कापलेली मजुरी, सावकाराचं व्याज, सगळं तारखेसह दिसतं.

म्हणून येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. वस्तीतल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला एक वही द्या, विहारात एक दिवस बसून सगळ्यांची पासबुकं तपासा आणि कोणाच्या खात्यात काय यायचं राहिलंय त्याची यादी करा. ती यादी घेऊन समाजकल्याण कार्यालयात जायचं आहे. मुलांना सोबत न्या. बोलायचं त्यांनीच आहे.

जय भीम!