आकृतीच नाही, मग उत्तर द्यायचं की नाही?

दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज असे प्रश्न येतात. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे...' अशी सुरुवात असते, पण मजकूर टाइप करून पाठवलेला असतो आणि आकृती वहीतच राहिलेली असते. काही जण लगेच उत्तर ठोकून देतात, तर काही 'आधी फोटो पाठव' म्हणून हात झटकतात. या दोन्ही सवयी चुकीच्या आहेत.

उत्तर द्यावं की नाही, हे एका साध्या कसोटीवर ठरवता येतं. दिलेल्या मजकुरात बसतील अशा दोन वेगळ्या आकृत्या काढून पाहाव्यात. उत्तर बदलत नसेल, तर मूळ आकृतीची गरज नाही. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिचा पाया भिंतीपासून ३ मीटरवर आहे. भिंत सरळ, जमीन सपाट धरली, तर शिडी ४ मीटर उंचीवर टेकणार. इथे आकृती मागणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.

आता दुसरा प्रश्न. वर्तुळाची जीवा AB त्रिज्येइतकी आहे, C हा वर्तुळावरचा बिंदू आहे, तर कोन ACB किती? केंद्र O धरलं, तर त्रिकोण OAB समभुज होतो, म्हणजे केंद्रीय कोन ६० अंशांचा. C विशालकंसावर असेल तर उत्तर ३० अंश, लघुकंसावर असेल तर १५०. मजकूर इथे संपतो, पण पर्याय मदतीला येतात. ३०, ४५, ६०, ९० असे पर्याय असतील, तर ३० हेच उत्तर द्यावं. मात्र 'C विशालकंसावर आहे असं धरून' हे शब्द सोबत हवेत. पर्यायांत ३० आणि १५० दोन्ही असतील, तर थांबावं.

तिसऱ्या प्रश्नात थांबण्यावाचून पर्यायच नाही. '६ ओहमचे तीन रोध आकृतीप्रमाणे जोडले आहेत, परिणामी रोध काढा.' तिन्ही एकसर असतील तर १८ ओहम, तिन्ही समांतर असतील तर २. दोन समांतर आणि तिसरा त्यांना एकसर असेल तर ९, दोन एकसर आणि तिसरा त्यांना समांतर असेल तर ४. पर्यायही बहुधा हेच चार असतात, कारण प्रश्न जोडणी ओळखण्याचाच आहे. इथे '९' असं ठाम सांगणं म्हणजे चौथा रोध आपल्या मनाने जोडण्यासारखं आहे.

परीक्षेत गोष्ट वेगळी. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १ असेल, तर चारांतले दोन पर्याय बाद झाल्यावर अंदाज लावणं फायद्याचं ठरतं. तिथे धोका स्वतःचा असतो. ग्रुपवर मात्र तो विचारणाऱ्याचा असतो, कारण तो आपला अंदाज खरा मानून वहीत उतरवतो.

म्हणून 'सांगता येत नाही' एवढ्यावरही थांबू नये. 'C कोणत्या कंसावर आहे?', 'कोणते रोध समांतर आहेत?' असा नेमका प्रश्न विचारावा. अनेकदा फोटोची गरज उरत नाही, एका ओळीत काम होतं.