विसार घेताना तारीख मोजून द्या

14 एप्रिल जवळ आला की वरणगावात घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींकडे पांढऱ्या ब्लाउजांची रीघ लागते. नाही म्हणवत नाही, आणि मग 13 तारखेच्या रात्री दारात भांडण होते. हे टाळायचे असेल तर तारीख तोंडाने नव्हे, वहीत मोजून द्यावी, असे आम्हांस वाटते.

समजा, घरकाम सांभाळून एका भगिनीचे दिवसाला दोन अस्तराचे ब्लाउज होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 12 झाले. वीज जाते, मूल आजारी पडते, एखादा ब्लाउज उसवावा लागतो. म्हणून हिशेबात 10 च धरावेत. 10 मार्च ते 7 एप्रिल या चार आठवड्यांत 40 होतात. पुढचे दिवस फिटिंगच्या दुरुस्तीसाठी मोकळे ठेवावेत. चाळिसावे नाव लिहिले की या सणाचे काम घेणे बंद, अशी पाटीच दाराला लावावी. 10 मार्चला वहीत 25 नावे असतील, तर सव्विसावा ब्लाउज तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे 31 मार्चपर्यंत होईल. त्या गिऱ्हाइकाला 2 एप्रिल सांगावी.

आता विसार. शिलाई अस्तरासह 260 रुपये असेल तर 100 घ्यावेत. त्यातले 60 अस्तराचे. उरलेले 40 वेगळ्या पाकिटात ठेवावेत. ब्लाउज दिल्याशिवाय ते आपले नव्हेत. दर रविवारी वही पाहावी. 30 ब्लाउज द्यायचे बाकी असतील तर पाकिटात 1200 रुपये हवेत. कमी भरले, तर नव्या गिऱ्हाइकाच्या विसारावर जुने काम चालले आहे असे समजावे आणि नवीन काम थांबवावे. फोनवरून विसार आला तर नुसते चित्र पाहून खूण करू नये. खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही लक्षात असावे.

प्रत्येकीला चिठ्ठी द्यावी व तिची नक्कल आपल्याकडे ठेवावी. तीवर नाव, माप, कापड किती आले, विसार किती, तारीख कोणती हे लिहावे. कापण्याआधी काम रद्द झाल्यास पूर्ण विसार परत, कारण पांढरे अस्तर दुसरीच्या कामी येते. कापल्यावर अस्तराचे 60 रुपये परत मिळणार नाहीत, हेही आधीच लिहावे.

ठरल्या दिवसाला महत्त्व असलेले काम त्या दिवशी झाले नाही, तर समोरच्याला करार मोडण्याचा हक्क आहे, असे 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 55 सांगते. सणाचा ब्लाउज हे असेच काम. म्हणून उशीर होणार असे दिसताच आठ दिवस आधी कळवावे, आणि ती मागेल तर कापड व विसार दोन्ही परत करावे. तेवढ्या दिवसांत तिला दुसरीकडे शिवून घेता येते.