जाहिरातीने नकोही म्हणावे

‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. आकर्षक पगार. अनुभवी अथवा फ्रेशर. त्वरित संपर्क साधा.’ भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपांची जाहिरात बहुधा अशीच असते. तिच्यामागचा युक्तिवाद असा: आपले नाव मोठे नाही, म्हणून सर्वांना बोलवावे आणि आलेल्यांतून निवडावे, पगार आधी सांगितला तर घासाघीस करता येत नाही आणि जुने कामगारही बिथरतात.

यातले पहिले म्हणणे मोठ्या कंपनीला शोभते, कारण अर्ज चाळायला तिच्याकडे वेगळा विभाग असतो. दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये फोन मालकच उचलतो आणि ‘पगार किती, शिफ्ट कोणती’ याची उत्तरे देण्यातच त्याचा दिवस जातो. ज्याच्या हाताला काम आहे असा चांगला सेटर तर मोघम जाहिरातीसाठी सुट्टी टाकून येतच नाही. घासाघिशीत वाचवलेले दोन हजार तो माणूस तीन महिन्यांत सोडून गेला की कितीतरी पटीने जातात. आणि नव्याचा पगार पहिल्या पगारालाच सगळ्या शॉपला कळतो. जुने बिथरणार असतील तर जाहिरात देण्याआधी त्यांचा पगार सुधारावा. आकडा लपवून तो प्रश्न सुटत नाही.

मग जाहिरात कशी असावी? समजा, टर्निंग सेंटरसाठी सेटर हवा आहे. लिहावे: ‘फानुक कंट्रोल. ड्रॉइंग वाचून टूल सेट करणे, ऑफसेट देणे, पहिला पीस मायक्रोमीटरने तपासणे. हातात पगार 26,000 ते 30,000, पीएफ वेगळा. आलटून-पालटून रात्रपाळी. सुट्टी गुरुवारी. बस नाही, स्वतःची गाडी लागेल.’ रात्रपाळी नको असलेला इथेच थांबतो; त्याचाही वेळ वाचतो.

शेवटी एक प्रश्न घालावा: ‘बाहेरचा व्यास 25.00 हवा, येतो 25.04. वेअर ऑफसेट किती द्याल? उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवा.’ मशीन व्यासाच्या मापात चालत असेल तर उत्तर एक्समध्ये उणे 0.04. चिन्ह चुकवणारा पुढचा पीसही बिघडवेल. 0.02 म्हणणाऱ्याला मात्र फोन करावा. तो त्रिज्येच्या हिशेबाने बोलत असेल.

या चाळणीला मर्यादाही हव्यात. ‘आयटीआय, दहा वर्षे अनुभव, प्रोग्रॅमिंग, इंग्रजी’ अशी यादी लांबवली की प्रामाणिक कारागीर मागे हटतो आणि थापाड्या पुढे येतो. पहिल्या दिवशी जे आलेच पाहिजे तेवढेच अट म्हणून लिहावे, बाकीचे ‘शिकवू’ म्हणावे. वय, जात, लग्न यांचा कामाशी संबंध नाही. त्या अटी नकोतच.

अशा जाहिरातीला पाचच उत्तरे आली आणि त्यांतल्या तिघांना मशीनवर उभे करता आले, तर ती यशस्वी झाली. एकही आले नाही, तर पगाराचा आकडा शेजारच्या शॉपशी ताडून पाहावा. तो कमी असेल, तर शब्द कितीही गोड केले तरी माणूस येणार नाही.